जांभई दिली आणि तोंड मिटेना

पहाटे साडेपाचला दवाखान्याची बेल वाजली की मी समजून चालतो, कुणाची तरी दाढ रात्रभर ठणकली आहे. त्या दिवशी दार उघडलं तर समोर खाकी गणवेशातले दोघे उभे. एक एसटीचा चालक, दुसरा वाहक. वाहकाचं तोंड सताड उघडं, हनुवटीखाली धरलेला टॉवेल लाळेने ओला आणि डोळे घाबरलेले. तो काहीतरी सांगू पाहत होता, पण ओठ आणि दात जुळत नसल्याने ‘प’, ‘ब’, ‘म’ काहीच उमटत नव्हतं. नुसते स्वर बाहेर पडत होते.

बोलला तो चालक. “साहेब, पहिल्या गाडीची ड्युटी. डेपोत यानं मोठी जांभई दिली आणि तसाच राहिला. आधी वाटलं चेष्टा करतोय. मग मी खालून हनुवटी दाबून तोंड मिटवायचा प्रयत्न केला, तर हा माझ्यावरच धावून आला.”

धावून येणं साहजिक होतं, कारण चालकाने चुकीच्या दिशेने जोर लावला होता. ती दिशा चुकीची का, हे कळलं की हा सगळा प्रकार कळतो.

कानाच्या भोकाच्या अगदी पुढे बोट ठेवा आणि तोंड हळूहळू उघडा. बोटाखाली एक गोल टोक हलताना लागेल. खालच्या जबड्याच्या हाडाला दोन्ही बाजूंना अशी दोन टोकं असतात आणि ती कवटीच्या तळाशी असलेल्या दोन उथळ खोबणींत बसलेली असतात. मधे कूर्चेची पातळ चकती असते. दाराच्या बिजागरीपेक्षा हा सांधा वेगळा आहे. तोंड थोडं उघडेपर्यंत टोक खोबणीतच फिरतं, पण जास्त उघडलं की ते खोबण सोडून पुढे घसरतं. खोबणीच्या पुढे हाडाचा एक लहानसा उंचवटा आहे. टोक त्या उंचवट्याच्या उतारावरून खाली सरकतं आणि तोंड मिटताना त्याच उतारावरून मागे जाऊन घरात बसतं. आपण जेवताना, बोलताना, हसताना दिवसभर हे चालू असतं आणि त्याचा पत्ताही लागत नाही.

मोठ्या जांभईत टोक उंचवट्याच्या माथ्यापर्यंत पोहोचतं. कित्येकांत माथा ओलांडून थोडं पुढेही जातं आणि निमूट परत येतं. म्हणजे नुसता माथा ओलांडणं हा काही आजार नव्हे. घोटाळा होतो तो परतीच्या वेळी. तोंड उघडणारे स्नायू सैल पडण्याआधीच मिटणारे स्नायू आवळले गेले, तर टोक मागे जाण्याऐवजी वर ओढलं जातं आणि उंचवट्याच्या पुढच्या अंगाला जाऊन टेकतं. आता मिटणारे स्नायू जितके आवळतील तितकं ते तिथेच घट्ट रुततं. दुखू लागतं, दुखण्याने स्नायू आणखी आवळतात, माणूस घाबरतो आणि घाबरून जबडा अजून ताणतो. गालावरचा आणि कानशिलावरचा स्नायू शरीरातल्या ताकदवान स्नायूंपैकी आहेत. सुपारी फोडणारी ही ताकद त्या क्षणी जबड्याला उंचवट्यापलीकडे डांबून ठेवण्यात खर्च होत असते.

म्हणून चालकाचा जोर वाया गेला. नुसती हनुवटी वर दाबणं म्हणजे आधीच वर रुतलेल्या टोकाला आणखी रुतवणं. उंचवटा ओलांडून मागे यायचं तर टोकाला आधी खाली उतरावं लागतं. खाली, मग मागे आणि सगळ्यात शेवटी वर, असा हा क्रम आहे. तो चुकवून कुणालाही हा सांधा बसवता आलेला नाही.

हा क्रम माणसाला फार जुन्या काळी उमगला होता. इजिप्तमधला एडविन स्मिथ पपायरस हा सुमारे इसवी सनपूर्व 1600 च्या आसपासचा वैद्यकीय लेख. त्यातला पंचविसावा रुग्ण तोंड न मिटणारा आहे आणि तोंडात जबड्याच्या मागच्या टोकांवर अंगठे व बाहेरून हनुवटीखाली बोटं ठेवून जबडा जागी आणावा, असं त्यात सांगितलं आहे. आपल्याकडे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात, वातव्याधींच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात, उघडं राहिलेलं तोंड ‘व्यादितास्य’ या नावाने येतं. तिथला उपाय असा की आधी जबडा शेकावा, मग अंगठ्यांनी दाबावं आणि तर्जनींनी हनुवटी उचलावी. आधी शेक, म्हणजे आधी स्नायू सैल करा. आज शेकाच्या जागी आम्ही भुलीचं इंजेक्शन देतो, पण अंगठे मात्र तिथेच ठेवतो.

वाहकाकडे परत येऊ. त्याला हात लावण्याआधी दोन गोष्टी बघायच्या होत्या. पहिली म्हणजे हे निखळणंच आहे ना. दोन्ही कानांपुढे, जिथे ते गोल टोक लागायला हवं, तिथे खळगा पडला होता आणि खळग्याच्या पुढे फुगवटा. मागच्या दाढा एकमेकींना टेकल्या होत्या, पण पुढच्या दातांत मोठी फट. हनुवटी पुढे आलेली, पण बरोबर मध्यावर. मध्यावर असणं म्हणजे दोन्ही बाजू निखळल्या आहेत. एकच बाजू सरकली असती तर हनुवटी दुसऱ्या बाजूला कलली असती.

दुसरी गोष्ट विचारून घ्यायची होती. कुठे पडला का, मार लागला का? तसं असेल तर आधी एक्स-रे, कारण मोडलेल्या जबड्यावर जोर लावणं महागात पडतं. आणि आदल्या दिवशी उलटीचं काही औषध घेतलं का? हा प्रश्न पुष्कळदा राहून जातो. मेटोक्लोप्रामाइडसारखी उलटीवरची औषधं आणि मानसिक आजारावरची काही औषधं यांनी एखाद्याचे चेहऱ्याचे, मानेचे स्नायू अचानक वेडेवाकडे आवळतात. जीभ बाहेर ओढली जाते, मान एका बाजूला वळते, डोळे वर चढतात आणि तोंड उघडं राहतं. वरवर पाहता दोन्ही सारखंच. पण अशा वेळी सांधा जागेवर असू शकतो आणि प्रोमेथाझिनसारख्या औषधाचं इंजेक्शन दिलं की थोड्या वेळात सगळं ओसरतं. तिथे नुसते अंगठे दाबत बसण्यात अर्थ नाही. वाहकाने दोन्ही प्रश्नांना मान हलवून नाही म्हटलं.

(लोक याला कधी कधी ‘दातखिळी बसली’ म्हणतात. दातखिळी याच्या अगदी उलट. तीत दातावर दात घट्ट बसतात आणि तोंड उघडत नाही. फोनवर “दातखिळी बसलीय” ऐकून मी एकदा धनुर्वाताच्या तयारीत बसलो होतो आणि दारात आ वासलेला माणूस आला.)

दातांच्या दवाखान्यातली ती आरामखुर्ची या कामाला फारशी सोयीची नाही. मी त्याला एका बुटक्या स्टुलावर बसवलं आणि डोकं भिंतीला टेकवलं. त्याचा जबडा माझ्या कोपरांच्या उंचीला किंवा त्याच्याही खाली यायला हवा, म्हणजे मनगटांऐवजी अंगाचा भार वापरता येतो. अंगठ्यांना गॉझ गुंडाळून वर हातमोजे चढवले. मग अंगठे खालच्या दाढांच्या बाहेरच्या कडेला, गालाच्या आतल्या बाजूने हाडावर टेकवले. थेट दाढांच्या माथ्यावर ठेवले तर पकड छान मिळते, पण सांधा बसताच जबडा खटकन मिटतो आणि डॉक्टरचे अंगठे दाढांमध्ये सापडतात. उरलेली बोटं बाहेरून हनुवटीखाली.

मग खाली दाब. झटका नाही, हिसका नाही. एकसारखा, वाढत जाणारा दाब, थकून स्नायू सैल पडेपर्यंत. या वेळी बोलत राहावं लागतं. मी त्याला म्हटलं, “दादा, तोंड मिटायचं अजिबात मनात आणू नका. उलट अजून थोडं उघडा.” कारण तो मिटायचा प्रयत्न करतो तेव्हा त्याचेच स्नायू माझ्याविरुद्ध ओढत असतात.

दीड-दोन मिनिटं गेली, काही झालं नाही. गालाचे स्नायू दगडासारखे लागत होते. इथे नवखा डॉक्टर जोर वाढवतो आणि तिथेच चुकतो. मी हात काढले आणि दोन्ही बाजूंना कानापुढच्या रिकाम्या खळग्यात लिग्नोकेनची दोन-दोन मिलिलिटर भूल दिली. सांधा जागेवर नसल्यामुळे खोबण रिकामी असते आणि सुई आत जायला अडचण येत नाही. दुखणं थांबलं की आवळलेले स्नायू आपोआप सैल पडू लागतात. कधी कधी या भुलीने थोडा वेळ पापणी नीट मिटत नाही. भूल उतरली की ते जातं, पण रुग्णाला आधी सांगून ठेवावं, नाहीतर तो दुसऱ्यांदा घाबरतो.

पाच मिनिटांनी पुन्हा अंगठे ठेवले. या वेळी दोन्ही बाजू एकदम न घेता आधी उजवी घेतली. खाली दाब, खाली दाब, मग किंचित मागे ढकल आणि हनुवटीला वर हलका उचल. बोटांना टोक घसरल्याचं जाणवलं. मग डावी. या वेळी ‘टक्’ असा आवाज चालकालाही ऐकू आला. वाहकाने दात एकमेकांवर टेकवले, दोनदा चावून पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलला, “गाडी गेली का?”

अंगठ्यांची ही पद्धत सगळ्यात जुनी, पण आता दुसऱ्याही आहेत. एकीत अंगठे हनुवटीखाली आणि बोटं दाढांवर ठेवून मनगट फिरवतात. त्यात हनुवटी वर जाते आणि मागचा भाग खाली, दोन्ही एकाच हालचालीत. दुसरीत तोंडात हातच घालत नाहीत. गालावरून बाहेरूनच हाड चाचपून एका बाजूला मागे ढकलतात आणि दुसऱ्या बाजूला पुढे ओढतात. मला सगळ्यात गंमत वाटते ती 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पद्धतीची. पाच किंवा दहा मिलिलिटरची रिकामी सिरिंज, अर्थात सुई नसलेली, मागच्या वरच्या-खालच्या दाढांमध्ये आडवी धरायची आणि रुग्णाला ती हलकेच चावून जबडा पुढेमागे करत घोळवायला सांगायचं. सिरिंज टेकूचं काम करते आणि टोक आपोआप मागे घसरतं. रुग्ण स्वतःच स्वतःचा जबडा बसवतो. मात्र त्याला मागच्या दाढा असाव्या लागतात. बोळक्या आजोबांपुढे ही युक्ती चालत नाही.

हे काही जमलं नाही तर रुग्णालयात शिरेतून स्नायू सैल करणारं, गुंगी आणणारं औषध देतात आणि त्यानेही नाही झालं तर पूर्ण भूल देऊन सांधा बसवतात. काही तासांत आलेला रुग्ण क्वचितच तिथवर जातो. ज्यांचं दुखणं दिवसेंदिवस कुणाच्या लक्षातच येत नाही, त्यांची गोष्ट वेगळी. पक्षाघाताने वाचा गेलेल्या आजी, स्मृतिभ्रंशाचे आजोबा, अतिदक्षता विभागात नळी घातलेला रुग्ण. “हल्ली तोंड उघडंच ठेवतात” म्हणून घरचे सोडून देतात. दोन-चार आठवडे गेले की खोबणीत तंतुमय ऊती भरते, स्नायू आखडून राहतात आणि नुसत्या हातांनी सांधा मागे नेणं अवघड होऊन बसतं. मग शस्त्रक्रियेची वेळ येते. घरात असं कुणी असेल तर कानापुढे खळगा पडला आहे का, एवढं बोट लावून बघा.

सांधा बसला म्हणजे काम संपलं, असं रुग्णाला वाटतं. पण सांध्याभोवतीची पिशवी आणि बांध ताणले गेलेले असतात आणि पुढचे काही दिवस टोक पुन्हा घसरायला टपलेलं असतं. मी वाहकाच्या हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधली आणि बजावलं की दोन आठवडे तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडायचं नाही. मऊ भात, खिचडी, शिरा चालेल. कडक भाकरी, चिक्की, ऊस आणि वडापावचा मोठा घास बंद. आणि जांभई? ती थांबवता येत नाही, पण आवरता येते. जांभई येतेय असं वाटताच हनुवटी छातीकडे झुकवायची, मूठ हनुवटीखाली घट्ट टेकवायची आणि जिभेचं टोक टाळूला लावून ठेवायचं. जीभ टाळूला असेल तर तोंड फार उघडतच नाही, करून बघा. आपल्याकडे म्हातारी माणसं जांभई देताना तोंडापुढे चुटकी वाजवायची. त्या चुटकीने जबडा वाचत नाही, पण तोच हात चार बोटं खाली नेला तर वाचतो.

वाहकाने आठवडाभर हे पाळलं. मग पट्टी काढून टाकली, कारण प्रवासी हसत होते. तीन महिन्यांनी तो पुन्हा आला, या वेळी हसताना. त्यानंतर वर्षभरात आणखी दोनदा. चौथ्या वेळी चालकाने त्याला आणलंही नाही. तो एकटाच, टॉवेल घेऊन, रांगेत बसला.

जबडा वारंवार का निखळतो, याचं उत्तर प्रत्येकात वेगळं असतं. काहींचे सगळेच सांधे जन्मतः सैल असतात. अंगठा वाकवून मनगटाला टेकवणारी माणसं आपण पाहतो, त्यांतली काही. काहींना फिट्स येतात किंवा कंपवात असतो. काहींच्या मागच्या दाढा काढून टाकलेल्या असतात आणि जबड्याची बसण्याची जागाच बदललेली असते. आमच्या वाहकाच्या खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा किडून काढलेल्या होत्या आणि त्या जागी कधीच काही बसवलं नव्हतं. त्या बसवून घ्यायला मी सांगितलं, पण तेवढ्यावर थांबणं आता शक्य नव्हतं.

त्याला मी त्याचंच रक्त सुचवलं. ऐकून तो हसला, अर्थात जिभेचं टोक टाळूला लावून. ही पद्धत अशी की आधी सांध्याची वरची पोकळी सलाइनने धुऊन घेतात. मग हाताच्या शिरेतून काढलेलं ताजं रक्त, साधारण दोन मिलिलिटर पोकळीत आणि एक मिलिलिटर सांध्याच्या पिशवीभोवती सोडतात. दोन्ही बाजूंना तसंच. रक्त साकळतं, तिथे सूज येते आणि बरं होताना व्रणाची ऊती तयार होऊन पिशवी थोडी आखडते. आपण एरवी ज्या आखडण्याला घाबरतो, तेच इथे मुद्दाम घडवून आणायचं. म्हणून पुढचे दोन आठवडे पट्टी खरोखर बांधावी लागते. या काळात जबडा मोकळा हलला तर आखडण्याला वावच मिळत नाही. खर्च कमी, काप नाही. प्रत्येकात यश येतंच असं नाही आणि काहींना दुसऱ्यांदा करावं लागतं, पण शस्त्रक्रियेच्या आधी हे करून बघण्यात माझ्या मते शहाणपण आहे.

दुसरा मार्ग बोटॉक्सचा. जबडा पुढे ओढणाऱ्या खोलवरच्या स्नायूत ते टोचलं की त्याचा जोर कमी होतो. परिणाम तीन-चार महिने टिकतो, मग पुन्हा टोचावं लागतं. स्नायूंच्या आजारामुळे ज्यांचा जबडा निखळतो किंवा ज्यांना शस्त्रक्रिया झेपणार नाही, त्यांना हे चांगलं. धडधाकट वाहकाला दर चार महिन्यांनी टोचत बसणं मला पटलं नाही.

आणि शेवटी शस्त्रक्रिया. इथे वैद्यकातली एक मजेदार गोष्ट दिसते. फ्रान्समध्ये 1943 मध्ये लक्लेर्क आणि जिरार यांनी विचार केला की टोक उंचवट्यावरून पलीकडे जातं, तर पुढे आडकाठी घाला. गालाच्या हाडाचा एक भाग कापून खाली वाकवायचा, म्हणजे टोक पुढे जाणारच नाही. नंतर दोत्रे यांनी ही पद्धत सुधारली आणि ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. उलट 1951 मध्ये मिरहाऊग यांनी उंचवटाच तासून सपाट केला. टोक पुढे जाईना का, पण उंचवटाच नसला तर ते अडकेल कशाला? जाईल तसं परत येईल. एकाच दुखण्यावर एक जण भिंत बांधतो, दुसरा भिंत पाडतो आणि दोन्ही रुग्ण बरे होतात. विसंगत वाटतं, पण खालच्या जबड्याला त्रास होतो तो पुढे जाण्याचा नाही, परत न येण्याचा. कुठली शस्त्रक्रिया कुणाला, हे उंचवट्याचा आकार सीटी स्कॅनमध्ये पाहून, रुग्णाचं वय आणि शस्त्रवैद्याचा हात बघून ठरतं. दोन्हींत चेहऱ्याची नस जवळून जात असल्याने ती जपावी लागते.

वाहकाला तिथपर्यंत जावं लागलं नाही. रक्ताच्या इंजेक्शननंतर दोन आठवडे त्याने पट्टी सोडली नाही. रजा टाकून घरी बसला, म्हणजे हसायला प्रवासीच नव्हते. तोंड आधी चार बोटं उघडायचं, आता तीन उघडतं आणि तेवढं जेवायला-बोलायला पुरतं. दाढाही बसवून घेतल्या. तीन वर्षं झाली, तो टॉवेल घेऊन आलेला नाही.

तुमच्या घरात कुणाचं तोंड असं उघडं राहिलं तर हनुवटी वर दाबू नका, चापट मारू नका, तेल चोळत वेळ घालवू नका. त्यांना ताठ बसवा, लाळ गळू द्या, गिळायला लावू नका. पाणीसुद्धा देऊ नका, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि गुंगी द्यायची वेळ आली तर पोट रिकामं हवं. चालू असलेल्या औषधांच्या गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या आणि जबड्याचे शस्त्रवैद्य किंवा जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठा, त्याच तासात.